दाराशी अडवलेला वाचक
‘अ‍ॅड ब्लॉकर बंद करा’ म्हणणाऱ्या पानांमागचा व्यवहार

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची एक जुनी पेढी. सौदे सुरू होण्यास अर्धा-पाऊण तास असताना निजामाबाद आणि इरोड येथील भाव एकदा डोळ्यांखालून घालावेत, हा पेढीच्या मालकांचा कित्येक वर्षांचा परिपाठ. पूर्वी हे काम फोनवर होई. आता दिवाणजी लॅपटॉपवर बाजारभावांचे एक संकेतस्थळ उघडतात आणि आकडे वाचून दाखवतात. त्या दिवशी पान उघडले, क्षणभर भावांचा तक्ता दिसला आणि लगेच त्यावर राखाडी पडदा आला. पडद्याच्या मध्यभागी चौकट होती : ‘आपल्या संगणकावर अ‍ॅड ब्लॉकर सुरू असल्याचे आढळले आहे. कृपया तो बंद करून पान पुन्हा उघडा.’

“मालक, हे काहीतरी बंद करायला सांगतंय. पण आपण तर काही बसवलेलंच नाही,” दिवाणजी म्हणाले. त्यांनी ती चौकट मिटवण्याचा प्रयत्न केला, पण मिटवण्याचे चिन्हच तेथे नव्हते. मग त्यांनी शोधयंत्रात ‘अ‍ॅड ब्लॉकर कसा बंद करावा’ असा प्रश्न टाकला. सर्वांत वर एक जाहिरात आली आणि तिच्यात ‘एका क्लिकमध्ये ब्लॉकर काढणारे’ साधन उतरवून घेण्याचे हिरवे बटण होते. दिवाणजींचा हात त्या बटणाकडे गेला. शेजारच्या टेबलावर जीएसटीचे विवरण भरत बसलेल्या मालकांच्या सूनबाई म्हणाल्या, “दिवाणजीकाका, थांबा. ते दाबू नका.”

त्याच लॅपटॉपवर पेढीचे बँक खाते उघडते, जीएसटीचा सगळा व्यवहार होतो आणि अडत्यांची उधारीची खाती आहेत. पुढे काय झाले ते ओघात येईलच. परंतु असा प्रसंग आज घरोघरी आणि दुकानोदुकानी येतो. पान अडवले जाते म्हणजे नेमके काय होते, आपला संगणक ‘पकडला’ जातो कसा आणि अशा वेळी आपल्या हाती कोणते मार्ग असतात, हे एकदा समजून घेतले तर घाईत चुकीचे बटण दाबले जात नाही.

दोन्ही बाजूंची खतावणी

फुकट वाचायला मिळणारे पान खरोखर फुकट नसते. पान उघडताच त्यावरील रिकाम्या चौकटींत जाहिराती येऊन बसतात आणि त्या दिसल्याबद्दल किंवा दाबल्या गेल्याबद्दल संकेतस्थळाच्या मालकास पैसे मिळतात. दिसण्याचा दर साधारणतः हजार वेळांमागे ठरतो. समजा, हा दर हजारी शंभर रुपये आहे. म्हणजे एक जाहिरात एकदा दिसली की दहा पैसे. पानावर तीन जाहिराती असतील तर एका वाचकाच्या एका भेटीचे तीस पैसे होतात. रक्कम क्षुल्लक वाटते, पण दिवसाला लाख वाचक येत असतील तर तिचे तीस हजार होतात. आता त्यांतील वीस हजार वाचकांनी जाहिराती रोखल्या, तर सहा हजार रुपयांची रोजची तूट आली. बातमीदार आणि सर्व्हरचे भाडे यांचा खर्च मात्र लाख वाचकांचाच राहतो.

हे वीस टक्क्यांचे प्रमाण केवळ कल्पनेतले नाही. ‘वायर्ड’ या अमेरिकी मासिकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये स्वतःच जाहीर केले होते की, त्यांच्या संकेतस्थळावर नेहमीच्या दिवशी येणाऱ्यांपैकी वीस टक्क्यांहून अधिक वाचक जाहिराती रोखून येतात. त्यांनी वाचकांपुढे दोन वाटा ठेवल्या : आमच्या स्थळापुरता ब्लॉकर बंद करा, किंवा आठवड्याला सुमारे एक डॉलर देऊन जाहिरातीविना वाचा.

वाचकाच्या खात्यातही नोंदी आहेत. जाहिरातींमुळे पान जड होते, मोबाइलचा डेटा खर्च होतो आणि वाचक कोणत्या पानावरून कोठे गेला याचा माग अनेक कंपन्या ठेवतात. यांहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. पानावरची जाहिरात संकेतस्थळाच्या मालकाने निवडलेली असतेच असे नाही. मध्यस्थ कंपन्यांच्या साखळीतून, क्षणार्धात होणाऱ्या लिलावातून ती येते. मार्च २०१६ मध्ये याच वाटेने न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी आणि एओएल यांसारख्या मोठ्या स्थळांच्या पानांवर घातक जाहिराती पोहोचल्या आणि त्या संगणकातील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर पसरवू पाहत होत्या. दोष वृत्तपत्रांच्या मजकुरात नव्हता. तो जाहिरात पुरवणाऱ्या साखळीत शिरला होता. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने काढलेल्या जाहीर सूचनेत, नामांकित कंपन्यांच्या नावाने शोधयंत्रांत खोट्या जाहिराती देऊन लोकांना फसवले जाते असे सांगून, शोध घेताना जाहिरात रोखणारे साधन वापरावे असा सल्ला दिला होता.

म्हणजे जाहिरात रोखणारा वाचक फुकट्या असतोच असे नाही आणि दार अडवणारा प्रकाशकही लोभी असतोच असे नाही. दोघांच्याही वह्यांत खरा खर्च लिहिलेला आहे.

आमिष मांडून ओळख

पानाला ब्लॉकरचा सुगावा लागतो कसा, हा यातील सर्वांत कुतूहलाचा भाग. संकेतस्थळ आपल्या संगणकात डोकावून कोणती साधने बसवली आहेत याची यादी सहसा वाचत नाही. ब्राउझर त्याला ती मुभा देत नाही. त्याऐवजी ते एक आमिष मांडते आणि त्याचे काय होते ते पाहते.

हे कळण्यासाठी आधी ब्लॉकरची रीत पाहावी लागते. ब्लॉकर म्हणजे मुख्यतः एक लांबलचक यादी. स्वयंसेवकांनी चालवलेली ‘ईझीलिस्ट’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. जाहिराती ज्या पत्त्यांवरून येतात ते पत्ते आणि पानावरील जाहिरातींच्या चौकटींना दिली जाणारी ठरावीक नावे या यादीत असतात. पान उघडताना ब्लॉकर दोन कामे करतो. यादीतल्या पत्त्याकडे जाणारी मागणी तो वाटेतच थांबवतो, आणि यादीतल्या नावाची चौकट पानावर असलीच तर ती अदृश्य करतो.

संकेतस्थळाची आमिषेही या दोन कामांना अनुसरून दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात पानाच्या एका कोपऱ्यात, वाचकाच्या दृष्टीआड, एक पोकळ चौकट ठेवली जाते आणि तिला मुद्दाम `adsbox` किंवा `ad-banner` असे जाहिरातीचे नाव दिले जाते. तिच्यात जाहिरात नसतेच. थोड्या वेळाने पानातील छोटा प्रोग्रॅम त्या चौकटीची उंची मोजतो. उंची जशीच्या तशी असेल तर ब्लॉकर नाही. शून्य आली तर कोणीतरी ती चौकट झाकली, म्हणजे ब्लॉकर आहे. दुसऱ्या प्रकारात पान जाहिरात कंपनीच्या नेहमीच्या पत्त्याकडे, उदाहरणार्थ गूगलच्या `pagead2.googlesyndication.com` कडे, एक मागणी पाठवते. उत्तर आले तर ठीक. मागणी फसली तर ती कोणीतरी अडवली असा निष्कर्ष काढला जातो.

निष्कर्ष निघताच पडदा पडतो. हा सगळा खेळ वाचकाच्याच ब्राउझरमध्ये, एक-दोन सेकंदांत होतो. म्हणूनच पेढीवरच्या लॅपटॉपवर आधी तक्ता दिसला आणि मग झाकला गेला. ही यंत्रणा प्रत्येक संकेतस्थळ स्वतः रचत नाही. गूगलच्या जाहिरात सेवेतच प्रकाशकांसाठी असा संदेश दाखवण्याची तयार सोय आहे, आणि ‘अ‍ॅडमिरल’सारख्या कंपन्यांचा तर हा व्यवसायच आहे. त्यामुळे वेगवेगळ्या स्थळांवरच्या चौकटी एकसारख्या दिसतात.

ब्लॉकरवाले आमिषांची नावेही यादीत टिपू लागले, तेव्हा अडसरवाल्यांनी नावे बदलली. ऑगस्ट २०१७ मध्ये तर अ‍ॅडमिरलने अमेरिकेच्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचा आधार घेऊन `functionalclam.com` हा आपल्या यंत्रणेतील पत्ता ईझीलिस्टमधून काढायला लावला. या चढाओढीमुळे एखादे पान आज उघडते, उद्या अडते आणि ब्लॉकरची यादी ताजी झाल्यावर परवा पुन्हा उघडते. वाचकाने काही बदललेले नसते. बदललेली असते ती यादी किंवा आमिष.

झाकलेले पान आणि रोखलेले पान

सर्व अडसर सारखे नसतात. काही स्थळे मजकूर पूर्ण पाठवतात आणि वरून पडदा ओढतात. दुकानातला माल जागेवरच असतो, फक्त त्यावर चादर टाकलेली असते. आधी मजकूर क्षणभर दिसून मग झाकला गेला, किंवा पडद्यामागे धूसर अक्षरे दिसत असली, तर बहुधा हा प्रकार समजावा. फायरफॉक्स आणि एज या ब्राउझरांत केवळ मजकूर साध्या अक्षरांत दाखवणारी वाचनाची वेगळी पद्धत आहे. विंडोजवर एफ-नऊ या कळीने ती सुरू होते. झाकलेल्या पानावर कधी कधी ती मजकूर दाखवू शकते.

दुसऱ्या प्रकारात मजकूर सर्व्हरवरून येतच नाही. पहिला परिच्छेद तेवढा येतो आणि उरलेला तपासणी पार पडल्यावरच पाठवला जातो. येथे वाचनाची पद्धत उपयोगी पडत नाही, कारण वाचायला समोर काही आलेलेच नसते. भावांच्या तक्त्यासारखी सतत बदलणारी माहितीही वाचनाच्या पद्धतीत नीट उतरत नाही. पेढीवर ती वाट यासाठीच निरुपयोगी होती.

न लावलेल्या कुलपाचा आरोप

आता पुन्हा पेढीवर जाऊ. दिवाणजींचे म्हणणे खरे होते. त्यांनी काहीच बसवलेले नव्हते. मग आरोप कशाच्या आधारे झाला?

सूनबाईंनी तपास क्रमाने केला, आणि हा क्रम कोणालाही करता येण्याजोगा आहे. प्रथम त्यांनी क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीशेजारचे कोड्याच्या तुकड्यासारखे चिन्ह दाबून कोणती जोडसाधने बसवली आहेत ते पाहिले. यादी रिकामी होती. दुसऱ्या पायरीत कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबून खासगी खिडकी उघडली. या खिडकीत जोडसाधने, वेगळी परवानगी दिली नसेल तर, बंद असतात. तेथे पान उघडले असते तर दोष जोडसाधनाचा ठरला असता. पण पडदा तेथेही आला. तिसऱ्या पायरीत तेच पान एज ब्राउझरमध्ये उघडले. पुन्हा पडदा. एवढ्यावरून क्रोम निर्दोष ठरला. चौथ्या पायरीत त्यांनी लॅपटॉप पेढीच्या वायफायवरून काढून आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला. पान जाहिरातींसह निर्वेध उघडले.

“बाबा, दोष या मशीनचा नाही. आपल्या वायफायचा आहे,” त्या म्हणाल्या.

तेव्हा उलगडा झाला. पेढी आणि घर एकाच आवारात, वायफायही एकच. घरातल्या मुलांच्या मोबाइलवर नको त्या जाहिराती येतात म्हणून वर्षभरापूर्वी पुतण्याने राउटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदलून `94.140.14.14` असा केला होता. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. स्थळाचे नाव दिले की ती त्याचा अंकी पत्ता देते. पुतण्याने निवडलेली अ‍ॅडगार्ड कंपनीची डिरेक्टरी जाहिरात कंपन्यांचे खरे पत्ते देतच नाही. साहजिकच भावांच्या पानाने जाहिरात कंपनीकडे पाठवलेली मागणी फसली आणि पानाने ‘ब्लॉकर आहे’ असा निकाल दिला. उंची मोजण्याचे आमिष मात्र येथे फसले नसते. डिरेक्टरी पानावरची चौकट झाकू शकत नाही. म्हणून डीएनएस बदललेल्या घरांत काही स्थळे अडवतात आणि काही अडवत नाहीत. ते स्थळ कोणते आमिष वापरते, यावर ते अवलंबून असते.

असे ‘न लावलेले’ ब्लॉकर आणखीही असतात. ब्रेव्ह ब्राउझरमध्ये जाहिरात रोखण्याची सोय जन्मतःच सुरू असते. फायरफॉक्स आणि एज यांच्यातील माग-रोधक संरक्षण सर्वांत कडक पातळीवर ठेवले तर तेही आमिषाला अडवू शकते. काही अँटिव्हायरस जाहिराती गाळतात. अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये `Private DNS` नावाची जागा असते. तेथे कोणी `dns.adguard-dns.com` असा पत्ता घालून ठेवला असेल तर तो फोन कोणत्याही वायफायवर जाहिराती गाळतच राहतो. कधी केवळ नेट मंद असल्यामुळेही जाहिरातीचे उत्तर वेळेत येत नाही आणि निष्कारण ठपका येतो. अशा वेळी पान एकदा पुन्हा उघडले की काम होते.

न्यायालयाने काय म्हटले

दार अडवण्याचा आणि जाहिरात रोखण्याचा, असे दोन्ही हक्क एकाच खटल्यात तपासले गेले ते जर्मनीत. तेथील अ‍ॅक्सेल स्प्रिंगर या मोठ्या प्रकाशनगृहाच्या ‘बिल्ड’ या दैनिकाने ऑक्टोबर २०१५ मध्ये आपल्या संकेतस्थळावर अडसर लावला. वाचकाने ब्लॉकर बंद करावा, अथवा महिना २.९९ युरो भरून अगदी थोड्या जाहिरातींसह वाचावे, अशी अट होती. त्याच प्रकाशनगृहाने ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ बनवणाऱ्या कोलोनच्या आयओ या कंपनीवर दावाही लावला होता. जाहिराती रोखून आमच्या धंद्यात बेकायदा अडथळा आणला जातो, आणि वर ‘स्वीकारार्ह’ जाहिराती दिसू देण्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून मोबदला घेतला जातो, ही त्यांची तक्रार होती.

१९ एप्रिल २०१८ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने आयओच्या बाजूने निकाल दिला. ब्लॉकर पुरवणे ही अनुचित स्पर्धा नव्हे, कारण तो वापरायचा की नाही हे वाचक स्वतः ठरवतो. परंतु त्याच निकालात न्यायालयाने प्रकाशकाचा मार्गही दाखवला : जे वाचक ब्लॉकर सोडण्यास तयार नाहीत त्यांना बाहेर ठेवण्याची मोकळीक प्रकाशकास आहे. प्रकाशनगृहाने पुढे कॉपीराइटच्या मुद्द्यावर वेगळा दावा लढवला. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने तो फेरविचारासाठी हॅम्बुर्गच्या न्यायालयाकडे परत पाठवला. म्हणजे कॉपीराइटचा प्रश्न अजून मिटलेला नाही.

निकाल जर्मनीचा असल्याने तो भारतात बंधनकारक नाही. तरीही २०१८ च्या निकालामागील विचार व्यापाऱ्याला सहज पटेल असा आहे. गिऱ्हाइकाने दुकानात येताना कानात बोळे घालावेत की नाही, हा त्याचा प्रश्न. बोळे घातलेल्यास आत घ्यावे की नाही, हा दुकानदाराचा. दोघांनाही नकाराचा अधिकार आहे. म्हणून अडसर समोर आला की चिडण्याचे किंवा घाबरण्याचे कारण नाही. तो एक प्रस्ताव आहे, आणि प्रस्तावाला होकार, नकार किंवा प्रतिप्रस्ताव देता येतो.

चार वाटा

पहिली वाट, त्या एका स्थळापुरती मुभा देण्याची. येथे बहुतेकांची चूक होते, ती अशी की एका पानासाठी ब्लॉकरच काढून टाकला जातो. तशी गरज नसते. यूब्लॉक ओरिजिन या साधनाच्या चिन्हावर दाबले की मोठे पॉवरचे बटण दिसते. ते दाबून पान पुन्हा उघडले की फक्त त्या स्थळावर गाळणी थांबते, इतरत्र चालू राहते. क्रोममध्ये हे साधन आता चालत नाही, कारण गूगलने जोडसाधनांचे नियम बदलले. त्याची ‘लाइट’ आवृत्ती चालते, आणि तिच्यात त्या स्थळापुरती सरकपट्टी ‘गाळणी नाही’ या टोकाला न्यावी लागते. ब्रेव्हमध्ये सिंहाच्या चिन्हावर दाबून `Shields` हा खटका बंद करायचा. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या डावीकडची ढाल दाबून त्या स्थळाचे संरक्षण बंद करता येते. मुभा दिल्यावर एकच दक्षता पाळावी : त्या पानावरील जाहिरातीतून काहीही उतरवून घेऊ नये.

दुसरी वाट, पैसे देण्याची. पान रोज लागत असेल आणि त्यावर धंद्याचा निर्णय घेतला जात असेल, तर ती खरेदी समजावी. मात्र एक गोष्ट आधी वाचून घ्यावी. काही वर्गण्यांत जाहिराती पूर्ण जातात, काहींत केवळ कमी होतात, आणि काहींत बंद लेख तेवढे उघडतात पण जाहिराती राहतात. बिल्डच्या योजनेतही जाहिराती पूर्णपणे जात नव्हत्या. वर्गणी आपोआप नूतनित होणारी असेल तर ती थांबवायची कोठून, हे पैसे भरण्याआधीच पाहावे.

तिसरी वाट, परत फिरण्याची. तीच माहिती अनेकदा मूळ स्रोताकडे मोकळी मिळते. शेतमालाच्या भावांसाठी केंद्र सरकारचे अ‍ॅगमार्कनेट आहे आणि वायद्यांचे भाव एक्स्चेंज स्वतःच्या स्थळावर देते. अडसर लावणाऱ्या स्थळानेही तोच आकडा पुढे दिलेला असू शकतो.

चौथी वाट, अडसर चुकवण्याची. ब्लॉकरची यादी ताजी केली की कधी पडदा नाहीसा होतो. तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे, परंतु ही वाट टिकाऊ नाही. आमिष बदलले की ती बंद होते. शिवाय ‘अडसर मोडून देतो’ असे सांगणारी अनोळखी जोडसाधने ब्राउझरमध्ये घेणे घातक ठरू शकते. पाने वाचण्याची व बदलण्याची परवानगी त्यांना दिलेली असते, आणि बँकेचे पानही त्याच ब्राउझरमध्ये उघडते. एप्रिल २०१८ मध्ये क्रोमच्या दुकानात बनावट ब्लॉकर सापडले होते आणि ते बसवणाऱ्यांची एकूण संख्या दोन कोटींवर होती.

खरा अडसर आणि खोटा अडसर

खरा अडसर फक्त दोन-तीन गोष्टी मागतो : ब्लॉकर बंद करा, आमच्या स्थळास मुभा द्या, किंवा वर्गणी भरा. तो काही उतरवून घ्यायला सांगत नाही. सूचना पाठवण्याची परवानगी देण्यासाठी `Allow` दाबा, असे सांगत नाही. विंडोजच्या कळा दाबून एखादी ओळ चिकटवा, मोबाइल क्रमांक टाका, ओटीपी सांगा किंवा या क्रमांकावर फोन करा, असेही सांगत नाही. यांपैकी एक जरी मागणी दिसली तरी ते पान तत्काळ बंद करावे. दिवाणजींना दिसलेले हिरवे बटण नेमके या जातीचे होते. ज्या पेढीवर ब्लॉकर बसवलेलाच नव्हता, तेथे तो ‘काढणारे’ साधन काय काढणार होते?

पेढीवरचा तोडगा

तपास पुरा झाला तेव्हा सौद्यांना वीस मिनिटे उरली होती. त्या दिवशीचे भाव हॉटस्पॉटवर पाहून भागले. खरा निर्णय दुपारी झाला.

राउटरमधील डीएनएस पूर्ववत केला असता तर मुलांच्या फोनांवर त्या जाहिराती पुन्हा आल्या असत्या. डिरेक्टरीमध्ये या एकाच स्थळाला सवलत देणेही शक्य नव्हते, कारण अडवला जात होता तो जाहिरात कंपनीचा पत्ता, आणि तो हजारो स्थळांचा सामाईक आहे. तो मोकळा केला की सर्वांसाठीच मोकळा झाला असता. राउटरवरची गाळणी घरभर एकसारखी लागते. स्थळागणिक निवड करता येते ती ब्राउझरमध्येच.

सूनबाईंनी तीन गोष्टी केल्या. राउटर होता तसाच ठेवला. पेढीच्या लॅपटॉपवर क्रोमच्या सुरक्षिततेच्या सेटिंगमध्ये `Use secure DNS` या ठिकाणी दुसरी, जाहिराती न गाळणारी डिरेक्टरी निवडली. त्यामुळे त्या ब्राउझरपुरता राउटरचा नियम लागू होईनासा झाला. मग त्यात यूब्लॉक ओरिजिन लाइट हे साधन क्रोमच्या अधिकृत दुकानातून घेतले आणि भावांच्या त्या एका स्थळाला मुभा दिली. आता ते पान जाहिरातींसह उघडते, इतर स्थळांवर आणि शोधयंत्राच्या निकालांत जाहिराती गाळल्या जातात, आणि मुलांचे फोन पूर्वीप्रमाणेच सुरक्षित आहेत. बँकेचे व्यवहार मात्र एजमध्ये करायचे, तेथे एकही जोडसाधन नको, असा नियम त्यांनी त्याच दिवशी घालून दिला.

“म्हणजे त्यांच्या जाहिराती बघायच्याच का?” मालकांनी विचारले.

“भाव त्यांचा रोज घेतो ना, बाबा? मग तेवढं देणं लागतोच की. बाकीच्यांचं नंतर बघू,” सूनबाई म्हणाल्या. दिवाणजींनी पान उघडले, निजामाबादचा भाव मोठ्याने वाचला आणि मालकांनी तो वहीत टिपून घेतला.